मीटरच्या खुणा सारख्या अंतरावर का असतात?

प्रयोगशाळेतला काट्याचा अमीटर नीट पाहिला, तर त्याच्या पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर दिसतात. हे आपोआप घडत नाही. साध्या चुंबकात साधे वेटोळे बसवले असते, तर खुणा एका टोकाला विरळ आणि दुसऱ्या टोकाला दाट झाल्या असत्या.

आत एका हलक्या चौकटीवर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. या वेटोळ्याला कुंडल म्हणतात. ते नालाकृती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये आसावर फिरू शकते. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून विद्युतधारा गेली की तारेवर बल लागते. कुंडलाच्या आसाशी समांतर अशा दोन बाजूंतून धारा उलट दिशांनी वाहते, म्हणून एका बाजूवर बल पुढे लागते आणि दुसरीवर मागे. ही दोन बले सारखीच असल्याने कुंडल जागा सोडत नाही, पण आसाभोवती फिरू पाहते. या फिरवण्याच्या जोराला बल-आघूर्ण म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. कुंडलाला १०० वेढे आहेत, आसाशी समांतर बाजू २ सेंटिमीटर, रुंदी १.५ सेंटिमीटर, क्षेत्र ०.२ टेस्ला आणि धारा १ मिलिअँपिअर. प्रत्येक बाजूवरचे बल क्षेत्र, धारा, लांबी आणि वेढे यांचा गुणाकार, म्हणजे ०.०००४ न्यूटन येते. तांदळाचे दोन दाणे तळहातावर ठेवले, तर साधारण एवढाच भार पडेल. आघूर्ण येते न्यूटन-मीटरचा सहा दशलक्षांश. एवढ्या जोरावर काटा फिरवायचा, म्हणून चौकट हलकी आणि आसाची टोके अणकुचीदार ठेवून रत्नांच्या बेअरिंगवर टेकवतात.

अडचण पुढे येते. क्षेत्र सरळ आणि एकसारखे असेल, तर कुंडल फिरताना बले तेवढीच राहतात, पण त्यांच्या रेषा एकमेकींजवळ येतात आणि आघूर्ण कमी होते. कुंडलाचे प्रतल क्षेत्राच्या दिशेत असताना ते पूर्ण असते, ६० अंश फिरल्यावर निम्मे, तर ९० अंशांना शून्य. म्हणजे तीच धारा असूनही काटा जिथे असेल त्याप्रमाणे जोर बदलत जाणार.

यावर उपाय असा, की ध्रुवांची तोंडे आतून गोलाकार कोरतात आणि कुंडलाच्या मधोमध मऊ लोखंडाचा दंडगोल बसवतात. मग उरलेल्या अरुंद फटीत क्षेत्ररेषा दंडगोलाच्या त्रिज्यांच्या दिशेने जातात. कुंडल फटीत कुठेही असो, त्याचे प्रतल तिथल्या क्षेत्राच्या दिशेतच राहते. आता आघूर्ण फक्त धारेवर अवलंबून असते.

त्याला विरोध करतात दोन नाजूक सर्पिल स्प्रिंगा. त्यांच्यातूनच धारा कुंडलात जाते. काटा जितका फिरेल, तितका त्यांचा विरोध वाढतो आणि दोन्ही जोर सारखे झाले की काटा थांबतो. आपल्या उदाहरणात १ मिलिअँपिअरला काटा ९० अंश फिरत असेल, तर अर्ध्या मिलिअँपिअरला बरोबर ४५ अंश फिरेल. खुणा सारख्या अंतरावर येतात त्या यामुळे. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये देप्रे आणि दार्सोन्व्हाल यांनी फिरत्या कुंडलाचे मापक घडवले, तर अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याला सहज हाताळता येण्याजोगे रूप दिले. काटा डोलत राहू नये म्हणून कुंडलाची चौकट अ‍ॅल्युमिनिअमची करतात. ती चुंबकीय क्षेत्रात फिरताना तिच्यातच धारा निर्माण होतात आणि हालचालीला आवर घालतात.

हेच मीटर १ अँपिअरपर्यंत मोजू शकते. कुंडलाचा रोध १०० ओहम असेल, तर त्याला समांतर साधारण ०.१ ओहमची जाड पट्टी जोडायची. तिला शंट म्हणतात. हजारातले ९९९ भाग शंटमधून जातात आणि एकच भाग कुंडलातून. शंटचा जोड सुटला, तर सगळी धारा कुंडलावर येते आणि बारीक तार जळू शकते.

या मीटरची एक मर्यादा मात्र जिवावर बेतू शकते. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते. तितक्या वेगाने काटा उलटसुलट फिरू शकत नाही. त्याला सरासरी जोर मिळतो, आणि ती सरासरी शून्य असते. म्हणून एसी मोजणाऱ्या काट्याच्या मल्टिमीटरमध्ये आधी डायोड वापरून धारा एकाच दिशेची करून घेतात. खटका डीसीवर ठेवून जिवंत तारा तपासल्या, तर काटा शून्यावरच राहील किंवा किंचित थरथरेल. शून्य दिसले म्हणून तारेला हात लावू नका. आधी खटका एसी व्होल्टवर आणि पुरेशा मोठ्या मर्यादेवर आहे याची खात्री करा, आणि चालू असलेल्या प्लगवर मीटर काटा हलवतो आहे ना, हेही तपासून घ्या.