चाळीस फेऱ्यांचं चाक

जुन्या बाजारात लोखंडाच्या ढिगात मला एक छोटं इंडेक्सिंग हेड मिळालं. मिलिंग मशीनच्या टेबलावर हे बसवतात आणि गोल तुकड्याला षटकोनी डोकं काढायचं किंवा गिअरचे दात पाडायचे असले की त्याच्या मदतीने तुकडा मोजून थोडा थोडा फिरवतात. हँडल फिरवलं की आतला वर्म, म्हणजे आटे पाडलेला आखूड दांडा, छान फिरत होता. स्पिंडल मात्र ढिम्म. झाकण उघडून पाहिलं तर वर्मच्या शेजारी नुसती पोकळी. तिथलं वर्म व्हील गनमेटलच्या भावाने केव्हाच वजनावर गेलं असणार.

चाक नवं करायचं ठरवलं. आधी कॉम्प्युटरवर मॉडेल, मग थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा नमुना काढून पेटीत बसवून पाहायचा, आणि जमलं तर गिअर कापणाऱ्याकडे जायचं. चाक गोल, दात तिरके, एवढंच तर आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

साध्या गिअरची सवय असलेला माणूस इथे पहिली ठेच खातो. साध्या जोडीत वीस मिलिमीटरचं चाक ऐंशी मिलिमीटरच्या चाकाला फिरवत असेल तर गुणोत्तर चार. वर्मला हा हिशेब लागू नाही. वर्मची एक फेरी झाली की एक आटा पुढे सरकतो आणि चाकाचा एक दात ढकलला जातो. वर्म बोटाएवढा असो की मनगटाएवढा, एका फेरीला एकच दात. म्हणून चाकाला चाळीस दात असतील तर हँडलच्या चाळीस फेऱ्यांनी स्पिंडलची एक फेरी होते. आयटीआयमध्ये शिकलेल्यांना हा चाळीसचा आकडा पाठ असतो: षटकोन काढायचा तर चाळीस भागिले सहा, म्हणजे दर बाजूला सहा पूर्ण फेऱ्या आणि वर दोन तृतीयांश.

वर्मची जाडी गुणोत्तराला दिसतच नाही. पण बाकीच्या दोन्ही गोष्टी, म्हणजे आट्याचा चढ आणि दोन आसांमधलं अंतर, त्या जाडीवरच ठरतात. माझ्या पेटीत अंतर आधीच ठरलेलं होतं, कारण बेअरिंगची भोकं ओतीव लोखंडात पक्की होती. त्यामुळे मोजमाप तिथूनच सुरू केलं.

वर्मचा आणि चाकाचा आस एकमेकांना काटकोनात, पण वेगवेगळ्या पातळीवर असतो. पेटी सरफेस प्लेटवर अशी ठेवली की दोन्ही आस आडवे राहतील. दोन्ही भोकांत घट्ट बसणारे दांडे घातले, हाईट गेजने दांड्यांच्या माथ्याची उंची घेतली आणि प्रत्येकीतून त्या दांड्याची निम्मी जाडी वजा केली. फरक आला ५० मिलिमीटर. मग व्हर्नियर वर्मवर लावला. बाहेरचा व्यास २४, आणि तीन आट्यांचं मिळून अंतर १८.८५. एका आट्याला ६.२८३, याला पायने भागलं की २. हेच मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप. आटा पिच वर्तुळाच्या वर एक मॉड्यूल उंच असतो, दोन्ही बाजूंचे मिळून चार मिलिमीटर. म्हणून वर्मचा पिच व्यास २४ मधून ४ गेले, २०. आसांमधलं अंतर म्हणजे दोन्ही पिच व्यासांच्या बेरजेचं निम्मं. १०० मधून २० गेले की चाकाला उरतात ८०, आणि ८० भागिले २ म्हणजे बरोबर ४० दात. तीन वेगळ्या जागची मापं एकाच आकड्यावर आली, तेव्हा हायसं वाटलं. चाळीसच्या जागी ३९.६ आले असते तर मोजण्यात किंवा मॉड्यूलच्या अंदाजात घोटाळा आहे, असं समजून मी पुन्हा व्हर्नियर उचलला असता.

आता चढ. वर्मवर कागद गुंडाळून आट्याची रेघ उमटवली आणि कागद उलगडला, तर काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा पाया म्हणजे पिच व्यासाचा परीघ, ६२.८३. उंची म्हणजे एका फेरीत आटा जेवढा पुढे जातो तेवढी, ६.२८३. दहा पावलांत एक पाऊल चढणारा रस्ता म्हणा ना. हा कोन ५.७१ अंश, यालाच लीड अँगल म्हणतात. तो पिच व्यासावरच काढायचा. बाहेरचे २४ धरले तर ४.७६ अंश येतात आणि चाकाचे दात चुकीच्या तिरकेपणाने बसतात. चाकाच्या दातांचा कल तेवढाच ठेवायचा आणि वळणही वर्मचंच: वर्म उजव्या आट्याचा असेल तर चाकही उजवं. समांतर शाफ्टवरच्या तिरक्या गिअरमध्ये एक उजवा आणि एक डावा लागतो. तीच सवय इथे चालवली तर आस काटकोनात असताना दात आणि आटा एकमेकांना साडेअकरा अंशांनी छेदतात.

एवढं नीट समजूनही माझं पहिलं चाक फसलं. मी फ्रीकॅड वापरतो. त्यात गिअर काढायची सोय आहे. मॉड्यूल २, दात ४०, कल ५.७१ दिले आणि प्रिंट काढला. पेटीत बसवायला गेलो तर चाक वर्मवर चढूनच बसलं, फिरेना. प्रिंटरने प्लास्टिक फुगवलं असेल म्हणून मी अर्धा तास कानस मारत बसलो. शेवटी मॉडेलमध्येच मोजलं, तर पिच व्यास ८० नसून ८०.४ होता. कारण असं की तिरक्या दाताला दोन मापं असतात. एक दाताला काटकोनात घेतलेलं, दुसरं परिघावरून घेतलेलं. वर्मचा आटा आसाच्या दिशेने जितक्या अंतरावर येतो, तितक्याच अंतरावर परिघावर चाकाचा दात यायला हवा. म्हणजे २ हे परिघावरचं माप. प्रोग्रॅममध्ये `properties_from_tool` हा पर्याय चालू असल्याने त्याने २ हे काटकोनातलं माप धरलं आणि चाक ५.७१ अंशांच्या कोसाइनने फुगवलं. आसांमधलं अंतर त्याला ५०.२ हवं होतं. ०.२ मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन कागदांची जाडी, पण पेटी तेवढीही मागे सरकत नाही.

पर्याय बंद करून दुसरं चाक काढलं. ते फिरलं, पण समाधान झालं नाही. दातांवर मार्करचा रंग लावून फिरवल्यावर रंग फक्त मधोमध, टिकलीएवढ्या जागेत पुसला गेला. सरळ कडेचं चाक गोल वर्मला टेकलं की तेवढाच स्पर्श होतो. खऱ्या वर्म व्हीलचा माथा मधे खोलगट असतो आणि दात वर्मला कवेत घेतात. तो आकार सूत्राने काढत बसण्यापेक्षा कारखान्यात होतं तेच कॉम्प्युटरवर करणं सोपं: वर्मलाच हत्यार बनवायचं आणि दोन्ही फिरवत फिरवत चाकाच्या चकतीतून कापत जायचं.

चकतीची रुंदी १६ ठेवली, खोलगट भागाच्या तळाशी व्यास ८४ आणि त्या खोलगटपणाची त्रिज्या ८, केंद्र वर्मच्या आसावर. हत्याराचा वर्म मूळ वर्मपेक्षा किंचित मोठा घ्यायचा. बाहेरचा व्यास २४.८, म्हणजे आट्याच्या माथ्याला दातांच्या मुळाशी फट राहते. आणि प्लास्टिकसाठी आटा ०.२ मिलिमीटर जाड, म्हणजे थोडी ढील राहते. मग ओपनस्कॅडमध्ये:

```
difference() {
  blank();
  for (k = [0 : 959])
    rotate([0, 0, -k * 0.375])
      translate([50, 0, 0])
        rotate([90, 0, 0])
          rotate([0, 0, k * 15])
            import("cutter.stl");
}
```

वर्म दर पायरीला १५ अंश फिरतो, चाक त्याच्या चाळिसाव्या भागाने, ०.३७५ अंश. चाकाच्या पूर्ण फेरीला ९६० पायऱ्या. `cutter.stl` मधला वर्म उजव्या आट्याचा, आस उभा आणि मध्य शून्यावर असा हवा. `0.375` च्या आधीचं वजाचं चिन्ह मी प्रथम विसरलो होतो. बराच वेळ वाट पाहिल्यावर पडद्यावर जे आलं त्याला एकही दात नव्हता, नुसती गुळगुळीत खाच. हत्यार चाकाबरोबर न जाता उलट दिशेने सरकलं, की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने ठेवलेला दात खाऊन टाकते.

या पद्धतीचा एक फायदा नंतर लक्षात आला. समजा पेटीतलं अंतर ५०.५ निघालं असतं, तर वर्म तसाच ठेवून, `translate` मध्ये ५०.५ लिहून आणि चकती एक मिलिमीटरने मोठी घेऊन काम भागलं असतं. दात थोडे बाहेरच्या बाजूला सरकतात, गुणोत्तर चाळीसच राहतं.

दोन आट्यांच्या वर्मबद्दल सांगायला हवं, कारण तिथे हमखास चूक होते. त्यात दोन आटे शेजारी शेजारी चढतात, एका फेरीत दोन दात ढकलले जातात आणि गुणोत्तर वीस होतं. मॉडेल करताना लोक ६.२८३ चढाचाच आटा दोनदा काढतात. चढ दुप्पट, १२.५६६ घेऊन मग समोरासमोर दोन आटे काढायचे. आसातून उभा छेद घेऊन दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर मोजा; ६.२८३ च्या जागी ३.१४ दिसलं की ओळखायचं. कोन मग ११.३१ अंश होतो आणि चाकाने वर्मला उलटं फिरवणं शक्य होतं. एक आटा आणि ५.७१ अंशांत घर्षणाच्या बळावर चाक जागेवर थांबतं, पण तेही अगदी काठावर. तेल घातलेल्या पोलाद आणि ब्राँझमधलं घर्षण ०.१ च्या आसपास, आणि आपला चढही दहात एक. मशीन थरथरलं तर चाक हळूहळू सरकू शकतं, म्हणून इंडेक्सिंग हेडला स्पिंडल आवळायचा स्क्रू वेगळा असतो.

तिसरं चाक बसलं. स्पिंडलवर आणि पेटीवर मार्करने एक रेघ मारली, हँडल चाळीस वेळा फिरवलं, आणि रेघ रेघेसमोर आली. या वेळी रंगही दाताच्या रुंदीभर पुसला गेला होता.

ड्रॉइंग आणि प्लास्टिकचं चाक घेऊन मी गिअर कापणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी चाक हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, “वर्म आणलाय का?” मी म्हटलं, सगळी मापं ड्रॉइंगवर आहेत. “मापं आहेत हो, पण हॉब कुठून आणू? माझा दोन मॉड्यूलचा हॉब केवढा जाडजूड आहे बघा. तुमच्या वर्मच्याच व्यासाचा हॉब लागतो. जाड हॉबने कापलं तर दात तुमच्या वर्मला धरणार नाहीत.” मग त्यांनीच तोड काढली. वीस मिलिमीटरच्या पिच व्यासावर फिरेल असा एकच दात घासून दांड्यात बसवायचा आणि त्या फ्लाय कटरने सावकाश चाक कापायचं. वेळ लागेल म्हणाले, आणि वर्म ठेवून जायला सांगितलं.