शॉर्ट स्ट्रँगल: दुप्पट प्रीमियमचा स्टॉप आणि सोमवार सकाळचा गॅप

मागच्या व्हिडिओत आपण शॉर्ट स्ट्रँगल पाहिलं. बाजाराच्या वरचा कॉल आणि खालचा पुट, दोन्ही विकायचे. स्टॉपचा हिशोबही सोपा असतो: विकलेल्या भावाच्या दुप्पट झाला की तो पाय विकत घेऊन बंद. एका पायात गेलेलं दुसरा पाय भरून काढेल, अशी त्यामागची कल्पना.

ती कुठे तुटते, ते ३ जून २०२४ च्या सोमवारी पाहू. शुक्रवारी निफ्टी २२,५३० वर बंद झाला होता. समजा, तुम्ही गुरुवारच्या एक्स्पायरीचा २३,००० चा कॉल आणि २२,००० चा पुट, दोन्ही १२० ला विकलेत. स्टॉप २४० वर. लॉट तेव्हा २५ चा, म्हणजे एका पायात ठरलेला तोटा ३,००० रुपये. पुट शून्यावर गेला तर तेवढेच परत. कागदावर हिशोब बरोबर.

शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी निफ्टी थेट २३,३३७ वर उघडला. त्या क्षणी तुमच्या कॉलची नुसती अंगभूत किंमतच ३३७. वर तीन दिवसांची वेळेची किंमत धरून भाव समजा ४२०. म्हणजे २४० हा भाव सोमवारी बाजारात आलाच नाही! तोटा ३०० पॉइंट, म्हणजे ७,५०० रुपये. पुटमधून जास्तीत जास्त ३,००० येणार.

याहून वाईट गोष्ट ऑर्डरमध्ये आहे. एनएसईवर ऑप्शन्ससाठी SL-M ऑर्डर सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे SL टाकताना ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव द्यावे लागतात. ट्रिगर २४०, लिमिट २५० दिली असेल, तर ४२० च्या भावाला ट्रिगर लागतो आणि २५० ला खरेदीची ऑर्डर जाते. पण २५० ला विकणार कोण? ऑर्डर Open दिसत राहते, पोझिशन तशीच उघडी, आणि तुम्ही दुकानात गिऱ्हाईक बघताय. शिवाय साधी SL ऑर्डर त्याच दिवसापुरती असते. शुक्रवारची सोमवारी नसतेच, ती पुन्हा टाकावी लागते. (हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.)

म्हणून लॉट किती घ्यायचे, हे स्टॉपवरून ठरवू नका. शुक्रवारच्या बंद भावावर चार टक्के गॅप धरा: निफ्टी २३,४३१, कॉल किमान ४३१, तोटा ३११ पॉइंट, एका लॉटला जवळपास ७,८०० रुपये. हा आकडा खेळत्या भांडवलातून जाणार असेल तर एक लॉटही जास्तच.

शनिवार-रविवार पोझिशन ठेवायचीच असेल, तर वरचा २३,४०० चा कॉल विकत घेऊन ठेवा. समजा तो ३० ला मिळाला. मग निफ्टी कितीही वर उघडो, कॉलच्या बाजूचा तोटा ४०० वजा १२० अधिक ३०, म्हणजे ३१० पॉइंटच्या पुढे जात नाही. हे ३० रुपये बहुतेक आठवड्यांत वायाच जातात. खाली पुटच्या बाजूलाही तसंच करावं लागतं, कारण गॅप कुठल्या बाजूला पडेल ते शुक्रवारी कळत नाही.