राजीनामा आल्यावर पगार वाढवावा का?

चांगला माणूस राजीनामा देतो तेव्हा साहेबांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "तिकडे किती देतायत?" कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात अनेक वर्षं काम केल्यावर मला वाटतं, हा प्रश्न तिसरा असावा.

चाकण परिसरातल्या एका कारखान्यातलं उदाहरण सांगते. क्वालिटी विभागात चार इंजिनिअर होते. काम सारखं, पगार महिन्याला ४६, ४८, ४९ आणि ५० हजार. त्यातल्या ४८ हजारवाल्यानं राजीनामा दिला. हातात ६२ हजारांचं पत्र होतं. विभागप्रमुखांचं म्हणणं, "तेवढेच देऊन टाका, पण माणूस सोडू नका."

बोलायला बसलो तेव्हा आधी त्याला विचारलं, "जावंसं कधीपासून वाटू लागलं?" मग दुसरा प्रश्न, "पगार आजच वाढला, तर कोणती गोष्ट तशीच राहील?" तो म्हणाला, "मॅडम, दोन वर्षं मी आलेला मालच तपासतोय. ग्राहकांच्या तक्रारींचं काम मागितलं, ते मिळालं नाही." असं कारण पैशानं थोडे महिने झाकलं जातं, पण जात नाही. म्हणूनच पगार वाढवून थांबवलेली माणसं पुन्हा राजीनामा देताना दिसतात.

मग आकडा पाहिला. त्याचे ६२ हजार 'सीटीसी' होते. म्हणजे कंपनीनं भरायचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची तरतूद त्यातच धरलेली. हे सुमारे ५ हजार वजा केले की ५७ हजार उरतात. आमचे ४८ हजार मात्र या दोन्हींशिवाय मोजलेले. म्हणजे खरा फरक १४ नव्हे, ९ हजारांचा. शिवाय त्याच्या नोकरीला पाच वर्षं पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. आधी सोडली तर ग्रॅच्युइटी बुडणार, हेही त्याला सांगितलं. धाक म्हणून नव्हे. हिशेब दोघांसमोर सारखा असावा म्हणून.

आता उरलेल्या तिघांचं काय? एकट्याला ५७ हजार दिले तर वर्षाला १ लाख ८ हजारांचा खर्च. कागदावर हे स्वस्त दिसतं. पण पगार गुप्त राहत नाहीत. महिन्याभरात तिघांना कळतं, की इथे वाढ कामानं मिळत नाही, राजीनाम्यानं मिळते. पुढची तीन पत्रं टेबलावर येतात ती तिथून. त्या तिघांत ४९ हजार घेणारी एक महिला होती. सारख्या कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून वेतनात भेद करायला कायद्याची मनाई आहे. "त्यानं राजीनामा दिला होता" हे उत्तर तिच्यापुढे किती टिकेल, याचाही विचार हवा.

म्हणून आम्ही प्रश्न बदलला : या कामाचा आजचा रास्त पगार किती? भरतीसाठी येणाऱ्या उमेदवारांच्या मागण्या आणि आसपासचे दर पाहून किमान ५४ हजार ठरले. चौघांनाही तिथे आणायला महिन्याला २३ हजार, वर्षाला २ लाख ७६ हजार लागणार होते. रक्कम मोठी होती. व्यवस्थापनाला ती पटवायला आठवडा गेला. तक्रारींचं काम चौघांत सहा-सहा महिन्यांच्या पाळीनं फिरवायचं ठरलं. पहिली पाळी, ज्यानं आधी मागितलं त्याची.

मग त्याला पत्र दिलं :

"आपल्या पदाच्या वेतनाचा आढावा घेतला असून, या पदावरील सर्वांचे किमान मासिक वेतन पुढील महिन्याच्या १ तारखेपासून रु. ५४,००० करण्यात येत आहे. ग्राहक-तक्रारींचे काम पहिले सहा महिने आपल्याकडे राहील. आपण राहणार असल्यास पाच दिवसांत राजीनामा लेखी मागे घ्यावा. आपली सेवा अखंड धरली जाईल. जाण्याचा निर्णय कायम असल्यास ठरल्या तारखेस आपणांस कार्यमुक्त करण्यात येईल व हिशेब आणि अनुभवपत्र देण्यात येईल."

या पत्रात बढतीचं मोघम आश्वासन नाही आणि 'तुमच्यासाठी खास' असंही काही नाही. असं पत्र लिहिताना माझी कसोटी एकच असते : ते चुकून फोटोकॉपीच्या मशीनवर राहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्यानं वाचलं, तर मान खाली घालावी लागेल का?

या पद्धतीला मर्यादा आहे. ५४ आणि ५७ मध्ये ३ हजारांचं अंतर उरलंच. कुणाला ते महत्त्वाचं वाटेल, कुणाला गाव बदलायचं असेल; अशा माणसाला थांबवता येत नाही. त्यानंही पाचव्या दिवशी नम्रपणे नकार कळवला आणि नोटिशीची मुदत पुरी करून तो गेला. तिघांची वाढ मात्र ठरल्या तारखेला झाली. ती त्याच्या उत्तरावर कधीच अवलंबून ठेवलेली नव्हती. तक्रारींच्या कामाची पहिली पाळी त्या महिला इंजिनिअरनं मागून घेतली.