इओसिनोफिल वाढले, तर जंत कुठे शोधायचे?

गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावाचं नाव परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत आवर्जून येतं. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली तिथल्या लोकांच्या लघवीत शिस्टोसोमा हिमॅटोबियम या चपट्या कृमीची अंडी सापडल्याचं जाहीर केलं. आफ्रिकेत सर्रास आढळणारा हा रोग रत्नागिरी जिल्ह्यातही आहे, हे तेव्हा कळलं. लघवीतून रक्त जाणं ही त्याची मुख्य खूण. या कृमीला वाढीसाठी गोड्या पाण्यातली गोगलगाय लागते. गिमवीत हे काम फेरिसिया टेन्युइस नावाची अगदी चिमुकली गोगलगाय करत असल्याचं पुढे दाखवलं गेलं. तिच्यातून सुटलेल्या अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात.

हा कृमी आतड्याच्या पोकळीत राहत नाही. कातडी, फुप्फुसं, यकृत असा प्रवास करत तो मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये जाऊन थांबतो. रक्ताच्या अहवालातला इओसिनोफिल वाढतो तो अशाच प्रवासामुळे.

इओसिनोफिल ही एक प्रकारची पांढरी पेशी. जीवाणूला पेशी गिळून टाकू शकते, पण कृमी तिच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून इओसिनोफिल त्याच्या अंगाला चिकटतात आणि आपल्याजवळची विषारी प्रथिनं त्याच्यावर ओततात. कृमी शरीराच्या मांसल भागात वावरत असेल, तर अस्थिमज्जा या पेशी भराभर बनवू लागते. तो आतड्यात निवांत बसून असेल, तर शरीराला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. त्यामुळे पोटातला प्रौढ पट्टकृमी किंवा मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारा सूतकृमी यांनी हा आकडा बहुधा वाढत नाही, वाढलाच तर किंचित. अमीबा, जिआर्डिया हे एकपेशीय जीव जुलाब करतात, पण इओसिनोफिल वाढवत नाहीत.

अहवालात नुसती टक्केवारी पाहू नये. पांढऱ्या पेशी ११,००० आणि इओसिनोफिल ३२ टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या ३,५२० होते. साधारण ५०० पर्यंतची संख्या सामान्य मानतात. दीड हजाराच्या वर गेली की कारण शोधलंच पाहिजे.

समजा, हा अहवाल भाताच्या खाचरात अनवाणी काम करणाऱ्या एखाद्या तरुणाचा आहे. दहा-बारा दिवस कोरडा खोकला आणि थोडी धाप आहे. शौचाची तपासणी स्वच्छ आली. मग जंत नाहीत असं म्हणायचं का? अजिबात नाही. गोल जंत आणि अंकुशकृमी यांच्या अळ्या आधी फुप्फुसांतून जातात आणि मगच आतड्यात पोचून मोठ्या होतात. गोल जंताच्या बाबतीत इओसिनोफिल सर्वांत जास्त असतात ते अळ्या फुप्फुसांत असताना. गोल जंताची अंडी शौचात दिसायला दोन-तीन महिने लागतात, अंकुशकृमीची महिना-दीड महिन्याहून अधिक. म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते, तीही वेगवेगळ्या दिवशीच्या नमुन्यांवर.

खोकला रात्री उसळत असेल आणि संख्या तीन हजारांच्या वर असेल, तर हत्तीरोगाच्या कृमीचा विचार करावा लागतो. विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर भागात राहून आलेल्या माणसाबाबत तर नक्कीच. या आजारात रक्तात मायक्रोफायलेरिया सहसा सापडत नाहीत, छातीच्या एक्स-रेवर मात्र डाग दिसतात आणि रुग्णाला क्षयाची औषधं सुरू होण्याची भीती असते. डायइथाइलकार्बामाझीन ठरलेल्या मात्रेत दोन-तीन आठवडे दिलं की खोकला आणि आकडा दोन्ही उतरतात. औषधाला मिळालेला हा प्रतिसादही निदानाचाच भाग असतो.

अर्थात इओसिनोफिल वाढण्याची दुसरी कारणंही बरीच आहेत. दमा, ॲलर्जी, काही औषधं ही त्यातली नेहमीची. आकडा सामान्य आला म्हणून जंत नाहीतच, असंही नाही. आकडा दिशा दाखवतो. निदान ठरतं ते अंड्यावर, अळीवर किंवा रक्तातल्या प्रतिपिंडांवर. गिमवीतही निर्णय दिला तो लघवीतल्या टोकाला काटा असलेल्या अंड्यांनी. ही अंडी दुपारच्या सुमाराच्या लघवीत जास्त पडतात, म्हणून पहाटेच्या नमुन्यात ती निसटू शकतात.

सर्वांत जपायचं ते स्ट्राँगिलॉइडिसपासून. हा बारीक कृमी माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत कित्येक वर्षं टिकतो. जंतनाशकाच्या एकाच अल्बेंडाझोल गोळीने तो खात्रीने जात नाही. त्यावर आयव्हरमेक्टिन लागतं. स्टेरॉइड सुरू झालं की इओसिनोफिलचा आकडा उतरतो, बरं वाटल्यासारखं होतं आणि त्याच वेळी अळ्या शरीरभर पसरून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू करण्याआधी, अहवालात इओसिनोफिल वाढलेले असतील आणि मातीत अनवाणी काम केलेलं असेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा.