चाळीस पानांची वही: टंकायची की सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायची?

हस्तलिखित मजकूर संगणकात आणायचा म्हटले की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो फोटो काढण्याचा. फोटो काढा, ॲपला द्या, मजकूर तयार! छापील पानाबाबत हे बरेचसे खरेही आहे. टेसरॅक्ट नावाचे सॉफ्टवेअर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८०च्या दशकात तयार झाले, २००५ साली ते सर्वांसाठी खुले झाले, आणि स्वच्छ छापलेले मराठी पान ते फुकटात चांगले वाचून देते. पण त्याच्यापुढे १९५०च्या दशकात शाईपेनाने लिहिलेली आठवणींची वही ठेवली, तर हाती बहुधा अर्थहीन अक्षरांचा ढीग येतो. ते शिकले आहे मुख्यतः छापील टाइपांवर, माणसाच्या वळणावर नाही.

हस्ताक्षर वाचण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमधून चालणारे ट्रान्सक्रिबस हे त्यांतले अभ्यासकांमध्ये सर्वाधिक परिचित. शिवाय गूगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला, की खाली मजकूर उमटतो. त्यात हाताने लिहिलेले काही ओळखले जाते, काही नाही. चित्रे वाचू शकणारी नवी भाषा-मॉडेल तर हस्ताक्षरही बऱ्यापैकी वाचतात. तेव्हा यंत्राला वाचता येते की नाही, एवढ्यावर निर्णय होत नाही. हातात मोजकीच पाने असताना यंत्राने वाचलेले दुरुस्त करायला किती वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात सरळ टंकून झाले असते का, हे पाहावे लागते.

हा हिशेब एका वहीवर मांडून पाहता येतो. समजा, वही चाळीस पानांची आहे आणि प्रत्येक पानावर साधारण १५० शब्द आहेत. म्हणजे एकूण ६,००० शब्द. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी चिन्हे वेगळी धरली आणि शब्दामागे सरासरी सहा चिन्हे मानली, तर एका पानावर ९०० चिन्हे येतात. सरकारमान्य मराठी टंकलेखन परीक्षेचा पहिला टप्पा मिनिटाला ३० शब्दांचा असतो, पण तो वेग छापील उताऱ्यावरचा. जुने हस्ताक्षर लावत लावत टंकताना सवयीच्या माणसाचाही वेग मिनिटाला १५ शब्दांवर उतरतो, असे धरू. मग एका पानाला दहा मिनिटे, आणि मूळ पानाशी ताडून पाहायला आणखी चार. चौदा मिनिटांचे पान झाले. चाळीस पानांना सव्वानऊ तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल.

आता यंत्राची बाजू. शंभर चिन्हांमागे पाच चुका, म्हणजे पाच टक्के चूक, हे हस्ताक्षराच्या बाबतीत चांगले वाचन मानले जाते. ऐकायला ते उत्तम वाटते. पण ९०० चिन्हांच्या पानावर या ४५ चुका झाल्या, आणि त्या पानभर विखुरलेल्या असल्या, तर सहा चिन्हांच्या शब्दांत साधारण प्रत्येक चौथा शब्द चुकलेला निघतो. चूक नजरेला पडणे, फोटोत तीच ओळ शोधणे, शब्द लावणे आणि सुधारणे याला प्रत्येकी बारा सेकंद धरले, तर नऊ मिनिटे दुरुस्तीत जातात. ताडून पाहण्याची चार मिनिटे त्यातही आहेतच. एकूण तेरा मिनिटे, आणि टंकायला लागणार होती चौदा!

चुकांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आले, तर हेच पान आठ मिनिटांच्या आत होते आणि सॉफ्टवेअर निर्विवाद जिंकते. ते दहा टक्क्यांवर गेले, तर पानामागे बावीस मिनिटे जातात आणि वही चौदा तासांहून अधिक वेळ खाते. बारा सेकंद आणि पंधरा शब्द हे दोन्ही आकडे माणसागणिक बदलतील. जलद टंकणाऱ्याची बरोबरीची रेषा पाच टक्क्यांच्या खाली असेल, एका बोटाने टंकणाऱ्याची बरीच वर.

अक्षर अवघड आहे म्हणून सॉफ्टवेअरला आधी त्या अक्षराची सवय लावावी, असे कोणालाही सुचेल. ट्रान्सक्रिबसमध्ये ती सोय आहे. काही पाने माणसाने अचूक टंकून द्यायची आणि त्यांवर मॉडेलने शिकायचे. पण एखाद्या हस्ताक्षरासाठी नवे मॉडेल घडवायला सुमारे ५,००० ते १५,००० शब्दांचा तयार मजकूर लागतो. आपल्या वहीत मिळून शब्दच ६,००० आहेत. यंत्राला शिकवण्याची तयारी पुरी होईपर्यंत जवळजवळ सगळी वही हाताने टंकून झालेली असेल. मिळत्याजुळत्या अक्षरावर आधीच शिकलेले मॉडेल सापडले, तर हा खर्च बराच कमी होतो. पण जुन्या मराठी हस्ताक्षरासाठी असे मॉडेल सहज मिळेल, हे गृहीत धरता येत नाही.

मोठ्या संग्रहात मात्र हेच गणित उलटते. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याची सुमारे ६०,००० हस्तलिखित पाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजकडे आहेत. २०१० साली कॉलेजने ती टंकण्यासाठी जगभरातल्या स्वयंसेवकांना हाक दिली. लोकांनी हाताने टंकलेली हजारो पाने पुढे हस्ताक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शिकवणीला उपयोगी पडली. तिथे काही शे पानांची मेहनत उरलेल्या हजारोंसाठी कामी येते. चाळीस पानांच्या वहीत उरलेले असे काही नसतेच.

म्हणून लहान कामात निर्णय अंदाजाने घेण्यापेक्षा चाचणीवर सोपवावा. वहीतली तीन पाने निवडावीत, पण सगळी सुरुवातीची घेऊ नयेत. पहिल्या पानांवर लिहिणाऱ्याचा हात सावध असतो. पुढे अक्षर धावते, ओळी उतरतात, पेन बदलते. सुरुवातीचे एक, मधले एक आणि शेवटाकडचे एक अशी पाने घ्यावीत. ती आधी हाताने टंकावीत, घड्याळ लावून, आणि सॉफ्टवेअरने काय वाचले हे त्याआधी पाहू नये. पाहिले की डोळा तेच वाचू लागतो. मग तीच पाने सॉफ्टवेअरला द्यावीत आणि वर्डच्या Review टॅबमधल्या Compare या सोयीने दोन्ही मजकूर एकमेकांसमोर ठेवावेत. फरक रंगीत दिसतात, ते मोजता येतात.

मोजताना चुकांची संख्या पाहावी, आणि त्यांची जातही.

देवनागरी हस्ताक्षरात काही जोड्या नेहमी फसवतात. घ आणि ध यांच्यात फरक असतो तो शिरोरेषा कुठे तुटते एवढाच, आणि घाईत लिहिणारे कित्येक जण शिरोरेषा देतच नाहीत. म आणि भ, प आणि ष, थ आणि य यांचेही तसेच. सॉफ्टवेअरने निरर्थक शब्द दिला तर तो लगेच खटकतो. पण ‘धडा’चा ‘घडा’ झाला किंवा ‘भार’चा ‘मार’ झाला, तर दोन्ही शब्द खरे असल्याने वरवर वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही. संदर्भावरून अंदाज बांधणाऱ्या नव्या मॉडेलांत हा धोका वाढतो. न लागलेल्या शब्दाच्या जागी ती वाक्यात शोभेल असा शब्द ठेवतात, आणि पान जितके सफाईदार दिसते तितका तपासणाऱ्याचा डोळा सैल पडतो. माणसांची आडनावे, गावे आणि रकमा यांना संदर्भाचा आधार कमी, म्हणून तिथे अंदाज हमखास चुकतात. हिशेबाच्या पानावर १ आणि ९ यांची अदलाबदल झाली, तर ती फक्त बेरीज जुळत नाही तेव्हाच कळते.

जुन्या वह्यांत आणखी एक गोष्ट हरवते. उच्चार न होणारे अनुस्वार मराठी लेखनातून गेले ते १९६२च्या लेखननियमांनंतर. त्याआधीच्या वहीत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुण्यांत’ असेच लिहिलेले असणार. आजच्या मजकुरावर शिकलेले सॉफ्टवेअर ते ठिपके गाळते आणि लेखन न सांगता आजचे करून टाकते. घरच्यांना वाचण्यासाठी प्रत हवी असेल, तर यात फार बिघडत नाही. पण अभ्यासकासाठी मूळ लेखन जपायचे असेल, तर प्रत्येक अनुस्वार परत बसवावा लागतो, आणि वर मांडलेल्या हिशेबात ती भर धरावी लागते.

हाताने टंकणारा माणूसही चुकतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. लागोपाठच्या दोन ओळींत ‘त्यानंतर’ आले, की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली ओळ गळते. मजकूर सलग वाचला तरी ही गळती अनेकदा जाणवत नाही. यावर सोपा उपाय असा की वहीतली ओळ जिथे संपते तिथेच टंकतानाही ओळ तोडायची आणि पान झाले की दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या. सॉफ्टवेअर सहसा अशी उडी मारत नाही; मात्र समासात आडवे लिहिलेले चार शब्द ते मुख्य ओळीत मिसळून टाकू शकते.

या दोहोंच्या मधली एक वाट लहान कामाला अनेकदा सोयीची पडते. वही माणसाने वाचायची, मोठ्याने, आणि गूगल डॉक्सच्या मराठी श्रुतलेखनाने ती टंकायची. अक्षर लावण्याचे अवघड काम ज्याला ते वळण ओळखीचे आहे त्याच्याकडे राहते आणि बोटांचे श्रम वाचतात. विरामचिन्हे नंतर घालावी लागतात, ऱ्हस्व-दीर्घ तपासावे लागतात, आणि ज्यांचा उच्चारच होत नाही ते जुने अनुस्वार इथेही येत नाहीत. तरी टंकनाची सवय नसलेल्या घरात ही वाट बहुधा सर्वांत लवकर पोचवते.

मार्ग कोणताही घेतला तरी फोटो नीट हवेत. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा पानाच्या बरोबर वर धरून ते काढावेत. मागच्या पानाची शाई पुढे उमटत असेल, तर पानाखाली काळा कागद सरकवला की ती फिकी होते. टंकणाऱ्यालाही न लागणारा शब्द पडद्यावर मोठा करून पाहता येतो.

आपल्या नमुन्याच्या वहीत तिन्ही पानांवर मिळून आठ टक्के चुका निघाल्या असे समजू. तसे झाले तर वही सरळ टंकायला घ्यावी. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न लिहिता [?] ही खूण करावी, आणि फाइलमध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर मूळ पानाचा व फोटोचा क्रमांक द्यावा. वही पुरी झाल्यावर सगळ्या [?] खुणा एकत्र शोधून, त्यांचे फोटो घरातल्या वडीलधाऱ्यांना एकाच बैठकीत दाखवता येतात. तोवर तेच अक्षर चाळीस पाने वाचून झालेले असल्याने, सुरुवातीला अडलेले निम्मे शब्द टंकणाऱ्याला स्वतःलाच लागलेले असतात.