फुटलेल्या बरणीची तक्रार

पुण्याहून कुरिअरने इंदूरला पाठविलेली चिनी मातीची बरणी फुटलेल्या स्थितीत पोहोचली. अशा वेळी ‘तुमच्या माणसांनी ती आदळली’ असे लिहावेसे वाटते. परंतु आदळताना कोणी पाहिलेले नसते आणि कंपनी नेमके तेच वाक्य नाकारते. म्हणून डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावे:

“पावती क्रमांक ४५२७ चे पार्सल ९ जून रोजी मिळाले. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता. आतील बरणी फुटलेली होती. पोचपावतीवर मी तसा शेरा लिहिला आहे. छायाचित्रे व खरेदीची पावती सोबत जोडली आहेत.”

शेरा न लिहिता सही केली, तर पार्सल सुस्थितीत मिळाले असा अर्थ कंपनी लावू शकते.

मागणीसाठी विध्यर्थी क्रियापद योजावे. त्यात सौजन्यही असते आणि ठामपणाही. मात्र ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या वाक्यातून नेमके काहीच मागितले जात नाही. “बरणीची किंमत, ८५० रुपये, २४ जूनपर्यंत द्यावी,” असे लिहावे. येथे क्रियापद ‘किंमत’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे चालते. नुसते ‘८५० रुपये’ लिहिल्यास ‘द्यावेत’ असे अनेकवचन होते.