आठ सेकंदांत एक श्वास

एआयकडून योगासनाचा व्हिडिओ करून घ्यायचा म्हटलं की पहिला प्रॉम्प्ट बहुधा असा असतो: ‘डोंगरकड्यावर एक स्त्री सूर्यनमस्कार घालते आहे, पहाटेची वेळ.’ डोंगर छान येतो, सूर्यही वेळेवर उगवतो. पण बारा स्थिती आठ-दहा सेकंदांत कोंबल्या जातात आणि हात पायाआड गेला की बाहेर येताना कोपर भलतीकडेच वळलेलं असतं. या मॉडेलकडे सांगाडा नसतो. पाहिलेल्या असंख्य व्हिडिओंवरून पुढचं चित्र कसं दिसेल, एवढाच त्याचा अंदाज असतो. झाकला गेलेला अवयव कुठला होता, हे विसरायला त्याला क्षण पुरतो.

म्हणून सुरुवात अशा आसनापासून करावी ज्यात हातपाय एकमेकांना झाकत नाहीत. वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार त्यासाठी उत्तम. बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’त त्याची मापं दिली आहेत: दोन पायांत चार ते साडेचार फूट अंतर, पुढचं पाऊल ९० अंशांत बाहेर वळलेलं, मागचं किंचित आत, पुढचा गुडघा काटकोनात, नडगी जमिनीला लंब. हात खांद्यांच्या रेषेत आडवे, तळवे खाली.

प्रॉम्प्टमध्ये आसनाचं नुसतं नाव लिहून भागत नाही. त्या नावाखाली इंटरनेटवर जेवढी चित्रं आहेत, त्यांची सरासरी मॉडेल देतं आणि त्यातली बरीच चुकीची असतात. जे डोळ्यांना दिसतं तेच लिहावं. ‘उजवा पाय’ म्हटलं की घोळ होतो, कारण तो करणाऱ्याचा उजवा की बघणाऱ्याचा, हे ठरत नाही. ‘चित्राच्या उजव्या बाजूचा पाय’ म्हणावं. ‘गुडघा आत पडू नये’ असंही नको, कारण ‘नये’कडे दुर्लक्ष होऊन आत पडलेला गुडघाच वाट्याला येऊ शकतो. त्याऐवजी ‘गुडघा घोट्याच्या बरोबर वर, वाटी पावलाच्या बोटांच्या दिशेनं’ असं लिहावं.

यापेक्षाही खात्रीचा मार्ग म्हणजे आधी स्थिर चित्र. जाणत्या शिक्षकाचा, त्यांच्या परवानगीनं काढलेला फोटो असेल तर उत्तमच. तो तपासून घेतला की व्हिडिओची पहिली चौकट म्हणून द्यायचा. मग प्रॉम्प्टमध्ये उरते फक्त हालचाल, आणि इथे श्वासाचा हिशेब येतो.

विश्रांतीत मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात, म्हणजे एकाला तीन ते पाच सेकंद. आसनात टिकून संथ श्वास घ्यायचा तर तीन सेकंद आत आणि पाच सेकंद बाहेर, एवढा वेळ सहज लागतो. आठ सेकंदांच्या क्लिपमध्ये असा एकच श्वास मावतो. ‘खोल, शांत श्वसन’ असं मोघम लिहिलं तर छाती धापा टाकल्यासारखी वरखाली होऊ शकते. म्हणून मजकूर साधारण असा ठेवावा:

‘कॅमेरा स्थिर, कमरेच्या उंचीवर, दोन्ही पावलं आणि हातांची टोकं चौकटीत. अंगाला बसणारे एकरंगी कपडे. पाय, हात, डोकं स्थिर. पहिले तीन सेकंद पोट आणि खालच्या बरगड्या हळूहळू फुगतात. पुढचे पाच सेकंद हळूहळू पूर्ववत होतात. खांदे सैल, एकाच उंचीवर. एकच सलग दृश्य, खऱ्या वेगात.’

‘खऱ्या वेगात’ हे शब्द गाळू नयेत, नाहीतर जाहिरातींच्या धाटणीची स्लो मोशन यायची शक्यता असते. काही साधनांत शेवटची चौकटही देता येते. तिथे पहिलंच चित्र पुन्हा द्यावं. श्वास जिथून सुरू होतो तिथेच येऊन संपतो, त्यामुळे शरीर आपोआप मूळ जागी परततं आणि गुडघा पुढे सरकत जाण्याचा धोका बराच कमी होतो.

तयार क्लिप नुसती पाहून समाधान मानू नये. पहिल्या, चौथ्या आणि शेवटच्या सेकंदाला थांबवून पडद्यावर पट्टी धरावी. नडगी उभ्या रेषेत आहे का, दोन्ही मनगटं एका आडव्या रेषेत आहेत का, मागची टाच टेकलेली आहे का? मग एकेक चौकट पुढे सरकवत बोटं मोजावीत. श्वासासाठी कपड्याची कमरेवरची कड बघावी. ती न हलता खांदेच वर जात असतील, तर ती क्लिप बाद.

एवढं करूनही समोरच्या कॅमेऱ्याला एक दोष नीट दिसत नाही: गुडघा आतल्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्याकडे, कलणं. त्यासाठी पुढच्या पावलाच्या दिशेनं घेतलेलं चित्र आणि वेगळी क्लिप लागते. आसनात जाणं आणि त्यातून बाहेर येणं याही स्वतंत्र क्लिप कराव्यात. त्यांत पावलं घसरण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे शिक्षकाचं खरं चित्रीकरणच वापरलेलं बरं. बघणारा त्या गुडघ्याचं अनुकरण स्वतःच्या गुडघ्यानं करणार आहे. तेव्हा क्लिप एआयनं केली आहे हे तिच्यावर लिहावं आणि शिक्षकानं पास केल्याशिवाय ती वर्गात दाखवू नये.